अधांतरी पक्षी

सुहासिनी तळपदेला अंधेरीत दोन नावांनी ओळखत. बायका तिला ‘चित्रं काढणारी सुहास’ म्हणत आणि पुरुष ‘भाऊंची बहीण’. तिचं स्वतःचं, आडनावासकट नाव कुठे छापलेलं कुणीच पाहिलं नव्हतं. खरं तर तिची चित्रं बोरिवलीपासून मुलुंडपर्यंतच्या कितीतरी शाळांच्या भिंतींवर लोंबत होती. माणसाच्या आतड्यांचा तक्ता तिचा, बेडकाच्या जन्मकथेचा तिचा, भाताच्या रोपाचाही तिचाच. पण तक्त्याखाली छापलेलं असायचं ते ‘केळवेकर तक्ता भांडार, घाटकोपर’ एवढंच. आतडी काढणाऱ्याचं नाव लोकांना कशाला हवं, असं केळवेकरांचं म्हणणं, आणि आतड्यांपुरतं ते सुहासिनीलाही पटत असे.

शरच्चंद्र केळवेकर माणूस वाईट नव्हता. फक्त त्यांचे नियम फार होते. पक्षी असेल तर तो फांदीवर बसलेला हवा. त्याचं तोंड डावीकडे हवं. आणि काहीही काढलं तरी ते वर्गातल्या शेवटच्या बाकावरून दिसलं पाहिजे. हा तिसरा नियम ते इतक्या वेळा म्हणून दाखवीत की त्यांच्या दुकानातला मांजरपाट चिकटवणारा कामगारसुद्धा तो झोपेत पुटपुटत असेल. तक्ता कापडावर चढवायचा, वरखाली दांड्या ठोकायच्या, वर रोगण फिरवायचं आणि मग शेवटच्या बाकाची परीक्षा म्हणून केळवेकर स्वतः रस्त्याच्या पलीकडे जाऊन तो बघायचे. टांगेवाले शिव्या देत, पण हे हलत नसत.

पंचावन्न साली नव्या अभ्यासक्रमात ‘चोच आणि अन्न’ नावाचा धडा आला. दाणे खाणारे फिंच, फुलातला मध पिणारा हमिंगबर्ड आणि मांस खाणारे शिकारी पक्षी, असे तीन गट त्यात होते. केळवेकरांनी तक्त्याचं काम सुहासिनीला दिलं आणि, चांगल्या मूडमध्ये असावेत, त्यांनी कबूल केलं की या तक्त्यावर खाली उजव्या कोपऱ्यात तिचं नाव छापू. ‘चित्रे : सुहासिनी तळपदे.’

ही बातमी सुहासिनीने घरी फक्त वहिनीला सांगितली आणि नलिनीवहिनीने ती संध्याकाळपर्यंत अख्ख्या गल्लीला सांगितली. लग्न न झालेल्या नणंदेबद्दल गल्ली जे काही बोलत असे ते वहिनीने वर्षानुवर्षं ऐकून घेतलं होतं. आता तिच्या हातात काहीतरी आलं होतं. तक्ता आला की दिवाणखान्यात, भाऊंच्या खुर्चीच्या वर लावायचा, असंही तिने ठरवून टाकलं. भाऊ सॉलिसिटरच्या कचेरीत हेडक्लार्क. त्यांनी पेपरातून मान वर न काढता खिळा आणायचं कबूल केलं.

सुहासिनीला एक खोड होती. पाहिल्याशिवाय तिला काढता येत नसे. बेडूक काढताना तिने न्हाणीघरात डबक्याचं पाणी आणि त्यात अंडी ठेवली होती, आणि त्या महिन्यात घरातल्या माणसांनी कशी आंघोळ केली ते न विचारलेलं बरं. आता तिने बाजारातून मुनियांची जोडी आणली. खरे फिंच काही अंधेरीत मिळणार नव्हते, पण मुनिया त्यांच्यासारखीच, लहानखुरी आणि जाड चोचीची, दाण्यांवर जगणारी. पिंजरा स्वयंपाकघराच्या खिडकीत टांगला आणि सुहासिनी समोर पाट टाकून बसली.

मुनिया दाणा नुसता गिळत नाही, हे तिने पहिल्यांदाच बघितलं. दाणा चोचीत गेला की जीभ तो फिरवते, वरच्या चोचीतल्या खाचेत नीट बसवते, खालची चोच त्यावर दाबते, आणि टरफल बाजूने गळून पडतं. हे सगळं इतकं झटपट होतं की टरफल पडलेलं दिसतं, पण कधी फुटलं ते कळत नाही. पिंजऱ्याखाली भुशाचा सडा पडे आणि वहिनी केरसुणी घेऊन उभी राही. सुहासिनीने तिला थांबवून भाऊंचा अडकित्ता आणि आपला केस उपटायचा चिमटा असे दोन्ही पुढे ठेवले आणि सुपारी चिमट्याने फोडून दाखवा म्हणाली. वहिनीने खरंच प्रयत्न केला. सुपारी उडून डाळीत पडली.

“म्हणजे ही चोच अडकित्ता आहे म्हणायची,” वहिनी म्हणाली, आणि त्या दिवशी केर काढायला उशीर झाला.

फिंचच्या गटात धड्याने आणखी एक गोष्ट घातली होती. दक्षिण अमेरिकेच्या पश्चिमेला, भर समुद्रात काही बेटं आहेत. तिथले फिंच एकाच गोतावळ्यातले, पण कुणाची चोच बोजड, कठीण बिया फोडणारी, कुणाची लांबट, निवडुंगाच्या फुलाफळांत खुपसायची, तर कुणाची बारीक, किडे टिपायची. म्युझियमच्या पुस्तकातल्या काळ्यापांढऱ्या चित्रावरून सुहासिनीने त्यांची डोकी उतरवून घेतली. एका घरातली भावंडं, आणि एकाच्या हातात अडकित्ता तर दुसऱ्याच्या हातात चिमटा. हे वाचल्यापासून तिला रस्त्यातल्या कावळ्याचिमण्यांकडेही सरळ बघता येईना. प्रत्येकाच्या तोंडाकडे बघून ‘तू काय खातोस रे’ असं मनात यायचं.

शिकारी पक्ष्यासाठी ती माहुलला गेली. तिथे तेल शुद्ध करायचे कारखाने उभे राहत होते, पण मासळी वाळवायची कोळ्यांची खळी अजून तशीच होती. वाळत घातलेल्या बोंबलांवर घारी घिरट्या घालायच्या आणि प्रेमा नावाची कोळीण हातात काठी घेऊन राखण करायची. सुहासिनीने तिला विचारलं की घार मासळी कशी उचलते.

“चोचीनं,” प्रेमा म्हणाली. “चांगली मोठी आकडी हाय तिची.”

सुहासिनीलाही तसंच वाटत होतं. देवळातला गरुड नाही का चोचीत साप धरून उभा असतो. पण मग दोघी तिथेच, एका उलट्या टोपलीच्या दोन बाजूंना टेकून, बघत बसल्या. पहिली घार आली, खाली झेपावली, वर गेली, आणि मासळी तिच्या पायात होती. दुसरीच्याही पायातच. प्रेमाने जन्मभर घारी हाकलल्या होत्या, पण हाकलणारा माणूस पक्ष्याकडे बघत नाही, मासळीकडे बघतो. तिला हे इतकं नवल वाटलं की पुढची घार तिने मुद्दाम येऊ दिली. ती घार बोंबील घेऊन जवळच्या बांबूवर बसली. एका पंजाखाली बोंबील दाबला, मान खाली घातली, चोचीचा आकडा त्यात रुतवला आणि वर ओढला. बोंबलाची पट्टी सुटून आली.

पकडायचं काम पायाचं आणि फाडायचं चोचीचं. सुहासिनी परत येताना बसमध्ये हे स्वतःशी घोकत होती. नुसती चोच बघून चोचीचं काम कळत नाही, पाय काय करतात तेही बघावं लागतं, एवढं तिच्या डोक्यात पक्कं बसलं.

केळवेकरांना घारीच्या चोचीत अख्खा मासा हवा होता, कारण तक्ता चोचीचा होता. थोडी हुज्जत झाली. शेवटी बांबूवर बसलेली, पंजाखाली बोंबील दाबून चोचीने फाडणारी घार त्यांना चालली. ती बसलेली होती, डावीकडे बघत होती आणि शेवटच्या बाकावरून दिसत होती.

राहिला हमिंगबर्ड. तो इथे नाही, हिंदुस्थानात कुठेच नाही, तो फक्त अमेरिकेत. म्युझियममध्ये पेंढा भरून ठेवलेला एक आहे असं कळलं होतं, पण तो पाहायची परवानगी येईना आणि केळवेकर घाई करत होते. तेव्हा सुहासिनीने आयुष्यात पहिल्यांदा न बघता चित्र काढलं. अगदीच न बघता नाही. परसातल्या कर्दळीवर रोज शिंजीर येई. तोही इवलासा, चमकदार, फुलातला मध पिणारा. सुहासिनीने त्यालाच नमुना धरलं, म्हणजे त्याची बाकदार चोच घेतली, देठाला पायाने घट्ट धरून वाकायची त्याची ढब घेतली आणि अंगावर पुस्तकात लिहिलेले हिरवे रंग चढवले. चित्र सुरेख झालं. केळवेकर रस्त्यापलीकडून बघून खूश झाले आणि चित्रं छपाईचे ब्लॉक करायला गेली.

परवानगी त्यानंतर आली. आता जायची गरज नव्हती, पण सुहासिनीला चैन पडेना.

म्युझियममध्ये नंदकुमार नावाचा तरुण मदतनीस होता. त्याने लांबट खण बाहेर ओढला आणि कापसावर निजवलेला पक्षी तिच्यासमोर ठेवला. तिच्या अंगठ्यापेक्षा थोडासा मोठा. डोळ्यांच्या जागी कापूस. तिने आधी चोच बघितली. चोच सुईसारखी सरळ होती. नंदकुमार म्हणाला, बाक असलेल्याही जाती आहेत, या धड्यात आहे तो मात्र हाच. त्याने हेही सांगितलं की ही चोच म्हणजे नळी नव्हे. मध ओढते ती आतली जीभ, लांब आणि टोकाशी दुभंगलेली. चोच म्हणजे तिचं म्यान.

चोच सरळ करून घेता आली असती. पण माहुलच्या बांबूवरची घार सुहासिनीच्या मनातून गेली नव्हती. तिने विचारलं, “पाय कुठे आहेत?”

नंदकुमारने चिमट्याने पोटावरची पिसं बाजूला केली. तिथे दोन काळे धागे दिसले. त्यातल्या एकाला बांधलेली चिठ्ठी पायापेक्षा मोठी होती. तिच्या विनंतीवरून त्याने शेजारी एक शिंजीर ठेवला. त्याचे पाय लांब, बोटं भक्कम, देठ धरून उलटं लटकता येईल असे. मग तिने पंख बघितले. हमिंगबर्डचे पंख अंगाच्या मानाने लांब, आणि कडेची पिसं ताठ.

“हा फुलावर बसतो कसा?” ती म्हणाली.

नंदकुमारने प्रामाणिकपणे सांगितलं की त्याने जिवंत पाहिलेला नाही. वाचलं मात्र आहे की हे पक्षी विसाव्याला काटकीवर टेकतात, पण मध पिताना बसत नाहीत, फुलासमोर हवेतच थांबतात. हवेत थांबणं म्हणजे काय, हे त्यालाही नीट सांगता येईना. दोघांनी मिळून त्या खणावर वाकून बराच वेळ घालवला. शेवटी शिपाई दिवे मालवायला आला.

घरी आल्यावर सुहासिनीला तो प्रश्न सोडेना. बसायला जागाच न लागणाऱ्या पाहुण्यासाठी फूल तरी कसं असेल? वहिनीच्या ओळखीच्या पद्मजाबाई जुहूला राहायच्या. त्यांच्या बागेत अमेरिकेतून आलेलं एक झुडूप होतं. त्याच्या हिरव्या काड्या कारंज्यासारख्या खाली पडत आणि टोकाला तांबडी, सरळ, बारीक नळीची फुलं लोंबत. हमिंगबर्ड कुठल्या फुलांवर येतो हे सांगताना नंदकुमारने अशाच फुलांचं वर्णन केलं होतं. सुहासिनी तिथे जाऊन बसली. पद्मजाबाईंनी चहा पाठवला, तो गार झाला.

शिंजीर आला. त्याने नेहमीप्रमाणे काडी धरली आणि काडी त्याच्यासकट खाली गेली. तो झोके खात सावरला, वाकडी चोच सरळ नळीत घालायला गेला, जमलं नाही. मग पंख फडफडवत तो क्षणभर फुलासमोर हवेत राहिला, दमला आणि पुन्हा काडीवर कोसळला. शेवटी लबाडाने काय केलं, तर फुलाच्या बुडाशी चोचीने भोक पाडलं आणि तिथून मध पिऊन निघून गेला.

सुहासिनी ते भोक पडलेलं फूल हातात धरून बघत राहिली. ते फूल खाली तोंड करून लोंबत होतं, जवळ टेकायला काही नव्हतं, नळी सुईच्या मापाची होती. सातासमुद्रापलीकडच्या पाहुण्यासाठी मांडलेलं ताट होतं ते. जुहूच्या शिंजिराला जे क्षणभर जमलं, ते ज्याला पोटभर जेवेपर्यंत जमतं, तो हमिंगबर्ड. म्हणून पाय धाग्याएवढे, म्हणून पंख ताठ, म्हणून चोच सरळ. तिला इतका आनंद झाला की तिने माळ्याला बोलावून सगळं समजावून सांगितलं. माळी हो हो म्हणाला आणि झारी घेऊन गेला.

आनंद ओसरल्यावर तिला आठवलं की तिचा हमिंगबर्ड कर्दळीच्या देठावर फतकल मारून बसलाय.

ती घाटकोपरला पोचली तेव्हा केळवेकर तिचीच वाट बघत होते. प्रूफ आलं होतं. त्यांनी ते टेबलावर पसरलं आणि तिला उजवा कोपरा बघायला सांगितला. हमिंगबर्डच्या चौकटीच्या खाली, काळ्याभोर टपोऱ्या अक्षरांत तिचं नाव होतं. आपलं नाव छापलेलं इतकं लांबलचक दिसतं हे तिला ठाऊक नव्हतं. ते तिला फार आवडलं. तिने त्यावरून बोट फिरवलं आणि मग सांगितलं की हा पक्षी चुकलाय.

केळवेकरांनी ऐकून घेतलं. मग समजावलं की शिक्षणखात्याच्या मंजुरीसाठी तक्ता आठवड्याभरात द्यायचाय, नाहीतर वर्ष गेलं. शिवाय हा पक्षी मुंबईत पाहिलाय कुणी? ना मास्तरांनी, ना पोरांनी.

“म्हणूनच,” सुहासिनी म्हणाली. “घार चुकली तर पोरं खिडकीतून बघतील आणि हसतील. हा चुकला तर जन्मभर खरा समजतील.”

केळवेकरांनी प्रूफ पुन्हा स्वतःकडे ओढलं. मग धंद्याचं बोलले. त्या एका चौकटीचा ब्लॉक नवा करून घेता येईल, बाकीच्यांना हात लावता येणार नाही. पण नव्या चित्रात वरून लोंबणारं फूल हवं, त्याखाली पक्षी, आणि पसरलेले पंख. चौकट पुरत नव्हती. पक्षी लहान केला तर पाय आणि चोच शेवटच्या बाकावरून दिसणार नाहीत. हे त्यांनी स्वतःच कबूल केलं आणि मग दोघांचीही नजर एकाच जागी गेली. चौकटीखाली नावाची पट्टी होती. ती मोडली तर जागा होत होती.

केळवेकरांनी नकारार्थी मान हलवली. ते म्हणाले, नाव त्यांनी शब्द देऊन घातलंय, ते आपण होऊन काढणार नाहीत. वाटल्यास पक्षी तसाच राहू द्या, पुढच्या आवृत्तीत बघू. हे त्यांनी इतक्या चांगुलपणाने म्हटलं की सुहासिनीला नाही म्हणणं आणखी जड गेलं. तिला गल्ली आठवली, खिळा आठवला, आणि सर्वांत जास्त वहिनी आठवली. तिला मनापासून वाईट वाटलं. रडू येईल की काय असंही वाटलं, पण केळवेकरांच्या दुकानात रडायचं म्हणजे सरसाच्या वासात रडायचं.

“नाव काढा,” ती म्हणाली. “आणि तो बसलेला नसेल, आधीच सांगते.”

केळवेकरांनी आयुष्यात पहिल्यांदा न बसलेला पक्षी मान्य केला. मात्र तोंड डावीकडेच हवं म्हणाले, आणि एवढं सुहासिनीने ऐकलं.

तक्ता मंजूर झाला आणि त्याची एक प्रत अंधेरीला आली, रोगणाचा वास मारत. नाव गेल्याचं सुहासिनीने घरात काहीच सांगितलं नव्हतं. सांगायचं तिच्या जिवावर आलं होतं. भाऊंनी खिळा ठोकला, तक्ता सोडला आणि ते पेपरकडे वळले. वहिनी हात पुसत आली आणि स्वयंपाकघराच्या दारातच थांबली. तिची नजर सरळ उजव्या कोपऱ्याकडे गेली. सुहासिनी पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभी राहिली.

“अगं सुहास,” वहिनी म्हणाली, “हा बसलाय कशावर?”

“कशावरच नाही, वहिनी.”

“असं कसं? पडेल ना तो.”

वहिनी जवळ आली. चष्मा आणायला माघारी गेली, पुन्हा आली. तिने पाय शोधले, ते पोटाखाली धाग्यासारखे सापडले. तिने लोंबणाऱ्या नळीत गेलेली सुईसारखी चोच बोटाने मोजली, मग वरच्या रांगेतल्या बोजड फिंचकडे बघितलं आणि दारातून दिसणाऱ्या खिडकीतल्या मुनियांकडे बघितलं. हा दाणे खाईल का, तिने विचारलं. आणि याला सुपारी दिली तर? सुहासिनीने जुहूच्या शिंजिराची गोष्ट सांगायला घेतली, तो काडीसकट खाली गेला तिथे वहिनी हसली, त्याने भोक पाडलं तिथे ‘मेला चोर’ म्हणाली, आणि चुलीवर आमटी उतू गेली.

आमटीच्या वासाने भाऊ उठले. त्यांनी आधी चुलीकडे, मग तक्त्याकडे बघितलं आणि म्हणाले, “नलिनी, नाव कुठेय हिचं? गल्लीला काय दाखवणार तू?”

सुहासिनीने वहिनीकडे बघितलं. वहिनी तक्त्यासमोरच उभी होती, जिथे नाव असायला हवं होतं तिथे बोट ठेवून. त्या जागी पंख होता.

“नाव घातलं असतं तर हा कुठे मावला असता?” ती म्हणाली, आणि शेजारच्या जयंतीला बोलवायला गेली, हा पक्षी पडत कसा नाही ते दाखवायला.